संचालकाच्या बैठक भत्त्यावरील करकपात

प्रश्न: मी एका कंपनीत स्वतंत्र संचालक आहे. प्रत्येक बैठकीचे २०,००० रुपये मिळतात. हा पगार धरायचा की व्यावसायिक उत्पन्न, आणि टीडीएस किती?

उत्तर: हा पगार नाही. स्वतंत्र संचालक कंपनीचा नोकर नसल्यामुळे ही रक्कम व्यवसायाचे किंवा इतर स्रोतांतील उत्पन्न ठरते, आणि म्हणून पगारदारांची प्रमाणित वजावट तिला लागू होत नाही. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या आयकर अधिनियम, २०२५ च्या कलम ३९३(१) नुसार, आणि त्याआधी आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम १९४जे(१)(बीए) नुसार, कंपनीने १० टक्के, म्हणजे २,००० रुपये, कापून १८,००० रुपये द्यायचे असतात. व्यावसायिक शुल्काला असलेली किमान रकमेची सूट संचालकाच्या मानधनाला नाही, आणि नेमकी हीच गोष्ट लहान कंपन्यांच्या नजरेतून निसटते. मात्र नोकरीच्या करारावर नेमलेल्या पूर्णवेळ संचालकाचा मोबदला पगारच असतो, आणि त्यावर नव्या अधिनियमाच्या कलम ३९२ नुसार, म्हणजे पूर्वीच्या कलम १९२ प्रमाणेच, त्याच्या करटप्प्याप्रमाणे कपात होते.