कोट्यवधीत ‘या’ घुसतो कुठून?

प्रश्न : सांगलीच्या हळदीच्या बातमीत ‘कोट्यावधींची उलाढाल’ असं वाचलं. सर म्हणतात, ‘कोट्यवधी’ हवं. ‘लक्षावधी’ चालतं, मग ‘कोट्यावधी’ का नाही? ‘कोटी’तली ई तर दीर्घच आहे.

सर बरोबर आहेत. ‘कोट्यावधी’ आणि त्याचा भाऊ ‘कोट्याधीश’ हे दोन्ही इतक्या वेळा कानांवर आदळतात की आता शुद्ध रूपच लोकांना चुकीचं वाटायला लागलंय.

‘लक्ष’च्या शेवटी अ आहे आणि ‘अवधी’च्या सुरुवातीला अ. दोन अ मिळून एक आ होतो, म्हणून लक्षावधी. आता ‘कोटि’ घ्या. (मराठीत एकटा लिहिताना आपण अंत्य अक्षर दीर्घ करतो, मूळ संस्कृत शब्द ऱ्हस्व.) त्याच्या शेवटी इ आहे. इ किंवा ई यांच्यापुढे इ-ई सोडून दुसरा कुठलाही स्वर आला, की त्या इ-ईच्या जागी य् येतो आणि पुढचा स्वर जसाच्या तसा त्या य्‌ला चिकटतो. याला यणादेश म्हणतात. कोट् + य् + अवधि, म्हणजे कोट्यवधि. इथे अ एकटाच आहे, त्याला जोडीदार नाही, मग आ होणार कशातून?

दीर्घ ईचा युक्तिवाद इथेच कोसळतो. ई ऱ्हस्व असो वा दीर्घ, ती य् होऊन जाते आणि तिची लांबी तिच्याबरोबरच संपते. ‘या’ व्हायचा असेल तर दुसऱ्या शब्दानेच आ आणायला हवा. अति + आचार = अत्याचार, कारण ‘आचार’मध्ये आ आहे. अति + अधिक = अत्यधिक, कारण ‘अधिक’मध्ये अ आहे. प्रति + उत्तर = प्रत्युत्तर, प्रति + एक = प्रत्येक. पुढचा स्वर प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर दिसतो.

शंका आली तर शब्द उलटा फोडा. ‘कोट्यावधी’ फोडला तर कोटि + आवधि मिळतं आणि ‘आवधी’ असा शब्दच नाही. ‘कोट्याधीश’मधून ‘आधीश’ निघतो, तोही नाही. ‘अत्याचार’मधून मात्र ‘आचार’ धडधाकट बाहेर येतो.

चूक होते ती शेजाऱ्यांमुळे, असं माझं ठाम मत आहे. सहस्रावधी, लक्षावधी, अब्जावधी, लक्षाधीश, अब्जाधीश. सहस्र, लक्ष, अब्ज हे सगळे अकारान्त, त्यामुळे सगळीकडे आ. या रांगेत कोटि एकटाच इकारान्त, आणि दोन्हीकडच्या आकारांनी त्याला आपल्यात ओढलं. ‘रूढ झालंय, दोन्ही चालू द्या’ म्हणणाऱ्या जाणकारांना माझा प्रश्न आहे : मग ‘अत्याधिक’ आणि ‘जात्यांध’ही चालू देणार का? चूक तीच आहे. जाति + अंध = जात्यंध.

आणि या शब्दाचं खरं सौंदर्य तर पुढे आहे! संस्कृतात ‘कोटि’ म्हणजे धनुष्याचं वाकलेलं टोक. धनुष्कोटी या गावाच्या नावात तेच टोक आहे. टोकावरून ‘परमसीमा’ हा अर्थ आला, आणि कोटि हे एका प्रचंड संख्येचं नाव झालं. ‘अवधि’ म्हणजेही सीमाच. मुदत हा अर्थ त्यातूनच आला. म्हणजे कोट्यवधी म्हणजे ‘कोटी ही ज्याची सीमा’ ते, कोटीपर्यंत पोचणारं. दोन शब्द, दोन्ही टोकाचे, आणि मध्ये त्यांना सांधणारा एक य.

त्यावरून आपल्या कृष्णाकाठची एक गोष्ट. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर संगमेश्वर आहे : संगम + ईश्वर, अ आणि ई मिळून ए. सरळ हिशेब. पण साताऱ्याजवळ लिंब-गोव्याला कोटेश्वर आहे, आणि त्यातला ‘कोट’ म्हणजे कोटी असं कोणी सांगितलं तर मला ते पटत नाही. कोटि + ईश्वर म्हणजे इ + ई, दोन्ही एकाच जातीचे स्वर; तिथे यही येत नाही आणि एही येत नाही, दीर्घ ई होते : कोटीश्वर. ‘कोटेश्वर’ व्हायला आधीचा शब्द अकारान्त हवा, म्हणून मी तो कोट + ईश्वर असाच फोडतो, तटबंदीचा कोट. देवांची नावं लोकांच्या जिभेवर घडतात, त्यामुळे एकट्या संधीच्या नियमाने इतिहास सिद्ध होत नाही, हे मान्य. पण कोटीचा अर्थ लावणाऱ्याने तो ए कुठून आणला, एवढं तरी दाखवायला हवं.