हिरव्या कँडलमागे धावताना स्टॉपलॉस कुठे राहतो?

प्रश्न: मोठी हिरवी कँडल दिसली की राहवत नाही. वरच्या भावात घेऊन बसतो आणि घेतलं की लगेच खाली येतं. "आता सुटलं तर गेलं" ही भीती आवरायला, एंट्रीआधी थांबायचा काही पक्का नियम आहे का?

आहे. पण तो कुठून आला ते आधी सांगतो, कारण मी स्वतः नुसता पाठ केलेला कुठलाच नियम आठवडाभरापेक्षा जास्त पाळू शकलेलो नाही.

मी ठाण्यात चरईला राहतो. नोकरी ऐरोलीला, दुपारच्या पाळीची, त्यामुळे सकाळी सव्वानऊ ते साडेबारा बाजार माझा. इंट्राडे करतो, १५ मिनिटांच्या चार्टवर. एका सकाळी असाच एक शेअर (नाव महत्त्वाचं नाही) ४०४ ते ४०८ मध्ये पेंगत होता. साडेदहा वाजता चहा ठेवायला उठलो आणि परत येऊन बघतो तर उभी हिरवी भिंत. ४०७.५० ला उघडलेली कँडल, नीचांक ४०७, उच्चांक ४१९.५०, बंद ४१८.८०. ग्रुपवर कोणीतरी "उडाला!!" टाकून मोकळा झालेला. मी मार्केट ऑर्डर दाबली. स्क्रीनवर ४१८.९० दिसत होतं, मिळाले ४१९.४० ला. २०० शेअर.

पुढच्या कँडलमध्ये भाव ४२०.१० झाला. साधारण दीड मिनिट मी फार हुशार होतो. मग उतरायला लागला. ४१५ ला स्टॉपलॉस लावलेला, तो ४१४.९० ला उडाला. ९०० रुपये गेले, वर ब्रोकरेज आणि कर. खरा चटका पुढे बसला. शेअर ४१३.६० पर्यंत गेला, तिथून वळला आणि दुपारी अडीचला, मी ऑफिसात लॉगिन करत असताना, ४२४ ला होता. म्हणजे माझा अंदाज बरोबर होता आणि तरी पैसे गेले.

त्या रात्री वहीत एकच प्रश्न लिहिला: ४१५ हा आकडा कुठून आणला? चार्टवर ४१५ ला काहीही नव्हतं. तिथे ना आधीचा उच्चांक, ना आधार. तो आकडा माझ्या खिशातून आला होता. त्या कँडलमध्ये शिरल्यावर चार्टवरची प्रामाणिक जागा एकच होती, कँडलच्या नीचांकाखाली, म्हणजे ४०६.८०. तिथे स्टॉप ठेवला असता तर शेअरमागे १२.६० ची जोखीम, २०० शेअरवर २५२० रुपये. एका ट्रेडमध्ये १००० च्या वर गमवायचे नाहीत हा माझा जुना नियम. त्या हिशोबाने मला फक्त ७९ शेअर घेता येत होते. ७९ शेअर घेऊन काय करायचं, असं वाटलं म्हणून २०० घेतले आणि जोखीम आटोक्यात दिसावी म्हणून स्टॉप वर ओढला, नेमका तिथे, जिथे भाव सहज जाऊन येतो.

तेव्हापासून थांबण्याकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. मन शांत व्हावं म्हणून थांबायचं असेल तर माझ्याच्याने ते होत नाही, मन शांत होतच नाही. मी थांबतो ते चार्टला स्टॉपलॉससाठी जवळची जागा तयार करायला वेळ मिळावा म्हणून. उशी ठेवायच्या आधीच बसलं की आपटणारच.

आता नियम. कँडल "मोठी" कधी म्हणायची, हे डोळ्यांनी ठरवायचं नाही, कारण चार्ट झूम केला की कुठलीही कँडल मोठी दिसते. १४ कँडलचा एटीआर लावा, म्हणजे एक कँडल सरासरी किती हलते तो आकडा. उच्चांक-नीचांकातलं अंतर एटीआरच्या दुपटीहून जास्त असेल तर कँडल मोठी, आणि मग दोन पूर्ण कँडल बंद होईपर्यंत खरेदी बंद. १५ मिनिटांच्या चार्टवर हा अर्धा तास होतो. एटीआर मात्र मोठ्या कँडलच्या आधीचा वाचा. माझ्या शेअरचा तो ३ रुपये होता आणि कँडल साडेबारा रुपयांची, म्हणजे चौपट. ती कँडल हिशोबात शिरली की एटीआरच ३.७० च्या आसपास जातो आणि राक्षस थोडा माणसाळलेला दिसतो. सकाळची ९.१५ ची पहिली कँडल मी यात धरतच नाही. रात्रीचा गॅप एटीआरमध्ये मिसळतो आणि ती कँडल तशीही बहुतेक वेळा मोठी असते.

त्या अर्ध्या तासात मोठ्या कँडलचा मध्य काढून ठेवायचा. इथे ४१९.५० आणि ४०७ चा मध्य ४१३.२५. थांबलेल्या दोनपैकी कुठलीही कँडल मध्याखाली बंद झाली तर विषय संपला, आज त्या शेअरकडे बघायचं नाही. उसळीतली अर्ध्याहून जास्त वाढ विकणाऱ्यांनी परत खाली खेचली असं मी समजतो. दोन्ही मध्याच्या वर बंद झाल्या तर दुसऱ्या कँडलचा उच्चांक ही एंट्री आणि दोन्हींतला सर्वात खालचा भाव हा स्टॉप. या दोन्हींतलं अंतर एटीआरच्या दीडपटीत बसलं पाहिजे, नाहीतर ट्रेड नाही. त्या दोन कँडलमध्ये व्हॉल्यूम मोठ्या कँडलपेक्षा बराच कमी झालेला असावा, हेही बघतो. उतरताना व्हॉल्यूम तेवढाच राहिला तर कोणीतरी वरच्या भावात मनसोक्त विकतंय असं धरून मी बाजूला राहतो.

त्याच दिवशीचे आकडे यात घालून बघा. पावणेअकरा ते अकराची कँडल ४१५.२० ला बंद झाली, नीचांक ४१४.३०. अकरा ते सव्वाअकराची ४१५.९० ला बंद, उच्चांक ४१६.४०, नीचांक ४१३.६०. दोन्ही मध्याच्या वर. सव्वाअकराला एसएल प्रकारची बाय ऑर्डर लावायची: ट्रिगर ४१६.५०, लिमिट ४१७. स्टॉप ४१३.४०. ४१७ पासून मोजलं तरी जोखीम ३.६० रुपये, एटीआरची दीडपट म्हणजे ४.५० च्या आत. माझे तेच २०० शेअर ७२० रुपयांच्या जोखमीत बसले असते, हजारापर्यंत ताणायचं तर २७७. तोच शेअर, तीच दिशा, फक्त सव्वाअकरा वाजता.

लिमिट का, तर भाव उडी मारून ४१७ च्या वर गेला तर ऑर्डर लागू नये म्हणून. नाहीतर ज्या रोगावर औषध घेतलं तोच रोग परत. पण एक भानगड लक्षात ठेवा: ट्रिगर होऊन न लागलेली ऑर्डर तशीच पडून राहते आणि भाव परत खाली कोसळताना ४१७ ला गुपचूप लागते. त्यामुळे ट्रिगर झाली आणि भरली नाही, तर लगेच रद्द करायची. ट्रिगरच झाली नाही तर तासाभराने रद्द.

आता या नियमाचं दुखणं. काही कँडल थांबतच नाहीत, सरळ निघून जातात. निकालाची बातमी असेल किंवा शेअर अप्पर सर्किटकडे निघाला असेल तर अर्ध्या तासात तुमच्या हाती धूर लागतो. अशा वेळी नियम तुम्हाला गाडी चुकवायला लावतो आणि यावर तोडगा नाही. मी वहीत "माझ्याशिवाय गेलेल्या" असा एक रकाना ठेवलाय. तारीख, वेळ, आणि ती कँडल मी वर घेतली असती तर योग्य स्टॉपनुसार किती शेअर मिळाले असते तो आकडा. ७९ सारखे आकडे लागोपाठ दिसायला लागले की "लाखभर सुटले" ही कल्पना आपोआप आकसते. सुटलेला नफा आपण नेहमी मनातल्या मोठ्या क्वांटिटीवर मोजतो, हे मला त्या रकान्यामुळे कळलं.

आणि हा नियम फायद्याची हमी देत नाही. नियम पाळूनही स्टॉप उडतात, फक्त लहान उडतात. सेबीने जुलै २०२४ मध्ये दिलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ या वर्षात शेअर्समध्ये इंट्राडे करणाऱ्या दर १० पैकी ७ जणांचं नुकसान झालं. त्या ७ मध्ये आपण नाही असं मानायला माझ्याकडे तरी काही कारण नाही, म्हणून क्वांटिटी लहान.

तुम्ही नियम मोडाल तो असा मोडाल, कारण मीही असाच मोडला: १५ मिनिटांचा चार्ट बदलून ५ मिनिटांचा लावायचा. दोन कँडल म्हणजे मग दहाच मिनिटं, आणि वर "मी थांबलो होतो" असं म्हणायला मोकळे. ज्या चार्टवर मोठी कँडल दिसली त्याच चार्टवरच्या दोन कँडल मोजायच्या. डेली चार्टवर दिसली असेल तर दोन ट्रेडिंग दिवस.

त्या अर्ध्या तासात स्क्रीनसमोर बसू नका, बोट चालतंच. मी मध्याच्या भावावर अलर्ट लावतो, फोन घरीच ठेवतो आणि जांभळी नाक्यावर भाजी आणायला जातो. हल्ली बायको पिशवी पुढे करत विचारते, "आज किती एटीआरची होती?"