नो-कॉस्ट ईएमआयवर फ्रिज घ्यावा का?

जळगावात फ्रिज रोखीने २२,५०० ला मिळतोय. नो-कॉस्ट ईएमआयवर ४,००० चे सहा हप्ते, वर १९९ रुपये फी. व्याज शून्य म्हणजे फुकटच ना?

नाही. हप्ते २४,००० होतात, म्हणजे रोखीची दीड हजाराची सूट गेली. फी जीएसटी धरून २३५. एकूण १,७३५ रुपये जास्त. सहा महिन्यांत पावणेआठ टक्के वाटतात, पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, त्यामुळे खरा दर वर्षाला सुमारे २६ टक्के पडतो. कर्जाच्या की फॅक्ट स्टेटमेंटमधला, म्हणजे अटी-खर्चाच्या गोषवाऱ्यातला एपीआर, अर्थात फी धरून पडणारा वार्षिक दर, जरूर बघा, मात्र बुडालेली सूट त्यात दिसत नाही. म्हणून दुकानदाराला आधी रोखीचाच भाव विचारा, ईएमआयचं नंतर काढा.