पाच हजार भरले, कर्ज किती उतरलं?

प्रश्न : नमस्कार सर. मालवणजवळ आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. गेल्या वर्षी दोन एसी, गाद्या आणि बाथरूमचं काम क्रेडिट कार्डावर केलं, तेव्हा बिल 1 लाखाचं होतं. तेव्हापासून एकदाही न चुकता मिनिमम ड्यू भरतेय, वर्षात जवळजवळ 60 हजार गेले. कार्डावर आता फक्त हजारभराचं पेट्रोल आणि किराणा घेते. तरी बिल 99,450! बँकेत 1 लाख 25 हजारांची एफडी आहे, 7 टक्क्यांची. ती मोडावी की पावसाळ्यासाठी राहू द्यावी आणि मिनिमम भरत राहावं? लेट फी लागत नाही, बँकेचा फोनही येत नाही.

उत्तर : ताई, फोन येत नाही कारण बँकेच्या दृष्टीने तुम्ही फार चांगल्या ग्राहक आहात. कुडाळच्या ऑफिसात महिन्याला एक तरी माणूस हेच गाऱ्हाणं घेऊन येतो, "भरतंय तरी कमी होणा नाय." आणि बहुतेकांना वाटतं, बँकेने काही तरी गडबड केली. गडबड नसते. गणितच तसं आहे.

तुमचं पहिलं 1 लाखाचं बिल घेऊ. मिनिमम ड्यू साधारण थकबाकीच्या 5 टक्के असतो, म्हणजे 5,000. ते भरल्यावर उरले 95,000. बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, ते झालं 3,325. या व्याजावर पुन्हा 18 टक्के जीएसटी, सुमारे 600. म्हणजे पुढचं बिल 98,924 चं. पाच हजार खिशातून गेले आणि कर्ज उतरलं 1,076 रुपयांनी. (बँक व्याज दिवसांवर धरते, त्यामुळे खरा आकडा शंभरएक रुपयांनी आणखी वाईट येतो. तो सध्या सोडून देऊ.)

आता तुमचं हजारभराचं पेट्रोल आणि किराणा पाहा. कर्ज महिन्याला हजार-अकराशेच उतरतं आणि तेवढीच खरेदी तुम्ही परत कार्डावर चढवता. वर्षभर घागर भरली, पण तळाला तेवढंच भोक. तुमच्या साठ हजारांचा हिशोब मी लावून पाहिला. सुमारे 47 हजार व्याज आणि जीएसटीत गेले, 12 हजार त्या पेट्रोल-किराण्यात, आणि मूळ कर्जातून सुटले जेमतेम साडेपाचशे.

त्यातही एक गोष्ट बिलावर ठळक दिसत नाही. कार्डाची बिनव्याजी मुदत पूर्ण बिल भरणाऱ्यालाच मिळते. थकबाकी पुढे ओढली की ती मुदत संपते आणि नवीन खरेदीवर स्वाइप केल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. तुम्हाला वाटतं पेट्रोलचे पैसे महिन्याने द्यायचे आहेत. प्रत्यक्षात ते त्याच दिवसापासून साडेतीन टक्क्यांनी उधार घेतलेले असतात.

समजा, कार्ड आजपासून कपाटात ठेवलं आणि नुसता मिनिमम भरत राहिलात, तर? एक लाखाचं कर्ज निम्म्यावर यायला 5 वर्षं 4 महिने. पाच वर्षांत 2 लाख 20 हजारांच्या वर भरून झालेले असतील आणि तरी 52 हजार देणं शिल्लक असेल. कारण मिनिमम हा थकबाकीचा टक्का आहे. कर्ज कमी होतं तसा हप्ताही कमी होतो, आणि बिलावरचा लहान आकडा बघून माणसाला हलकं वाटतं. तेच पहिल्या महिन्याचे 5,000 धरून ठेवले, पुढे बिल कितीही कमी मागो तरी 5,000च भरले, तर सगळं कर्ज 39 महिन्यांत संपतं. 8,000 भरले तर 17 महिन्यांत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत मिनिमम इतका लहान नसावा की कर्ज वाढतच जाईल, असं म्हटलंय. तो नियम पाळला जातो. पण कर्ज वाढत नाही आणि कर्ज संपतं, यात बरंच अंतर आहे. हे सांगणारी सूचना प्रत्येक बिलावर छापलेली असते, आपण मात्र नेमकी तीच ओळ सोडून रक्कम बघतो.

एफडीकडे येऊ. तिथे तुम्हाला वर्षाला 7 टक्के मिळतात, इकडे जीएसटी धरून जवळजवळ 50 टक्के जातात. त्यामुळे "एफडी राहू द्यावी आणि मिनिमम भरावा" हा पर्याय मी पहिल्याच झटक्यात बाद करतो. पण एफडी मोडा, असंही लगेच म्हणत नाही. जूनपासून किल्ल्याच्या होड्या बंद, पाण्यातले खेळ बंद, खोल्या रिकाम्या. त्यात कौलांची शाकारणी आणि पुढे गणपती. हात मोकळा नसला की कार्ड परत बाहेर येतं, हे मी खूप घरांत पाहिलंय.

म्हणून एफडी तशीच ठेवून तिच्यावर ओव्हरड्राफ्ट काढा, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तेवढंच उचलायचं कर्ज. साधारण 90 टक्क्यांपर्यंत मिळतो, म्हणजे तुम्हाला 1,12,500 ची मर्यादा. व्याज बहुधा एफडीच्या दराहून एक-दोन टक्के जास्त. 9 टक्के धरले तरी एक लाखाला महिन्याला 750 रुपये. जून ते सप्टेंबर तेवढंच व्याज भरा. ऑक्टोबरपासून सीझन सुरू झाला की महिन्याला 12 हजार टाकत जा. पुढच्या मेपर्यंत सात-आठ हजार उरतील आणि तेही एका हप्त्यात जातील. एकूण व्याज सात हजारांच्या आत. एफडी सरळ मोडलीत तर दंड धरूनही थोडं स्वस्तच पडेल, हे मान्य. तरी मला ओव्हरड्राफ्ट बरा वाटतो, कारण मोडलेली एफडी पुन्हा करायला माणसाला वर्षं लागतात, आणि यात भरलेला प्रत्येक रुपया पावसाळ्यात लागला तर परत काढता येतो.

कार्डावरून "थकबाकीचे ईएमआय करून घ्या" असा मेसेज येईल. तो मिनिममपेक्षा खूप बरा, पण ओव्हरड्राफ्टपेक्षा महाग. वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावर जीएसटी. तुमच्याकडे एफडी असताना त्याची गरज नाही.

शेवटच्या तारखेपर्यंत थांबू नका, ओव्हरड्राफ्ट मिळाला त्याच दिवशी पूर्ण 99,450 भरा. तरी पुढच्या बिलात अडीच-तीन हजार दिसतील. घाबरू नका, भांडायलाही जाऊ नका. बिल निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं ते व्याज असतं, शेपटीसारखं मागे उरलेलं. तेही पूर्ण भरा, मिनिमम नाही, नाहीतर शेपटीला पुन्हा धड फुटतं. त्यानंतरचं बिल शून्यावर आलं की बिनव्याजी मुदत परत मिळते, तोपर्यंत पेट्रोल रोखीने किंवा यूपीआयने.

आणि नेटबँकिंगमध्ये ऑटोपे उघडून बघा. एकदाही चुकलं नाही म्हणता, म्हणजे बहुधा तिथे `Minimum Amount Due` वर टिक आहे. ती काढून `Total Amount Due` करा.