२४ घनमीटर दगडी पायाला डबर किती आणि माल किती?

प्रश्न: पायाचं बांधकाम अनघड डबरात आहे. मध्यरेषेची लांबी ३६ मीटर आहे (९ × ६ मीटरची चौकट आणि मधली एक ६ मीटरची आडवी भिंत). खालची पायरी ७५ सेंमी रुंद, ३० सेंमी उंच. मधली ६० × ३०. वरची ४५ × ६०. घनफळ २४.३ घनमीटर निघालं. मिस्त्री म्हणतात एका घनमीटरला सव्वा घनमीटर दगड आणि एक तृतीयांश माल लागतो. मग बेरीज दीडच्या वर जाते, हे कसं? आणि नक्की किती मागवू?

उत्तर:

मिस्त्रींचे आकडे बरोबर आहेत. ते दोन वेगळ्या मापांतले आहेत, म्हणून त्यांची बेरीज करायची नसते. सव्वा घनमीटर हे चट्टा लावून मोजलेल्या डबराचं माप आहे आणि त्या चट्ट्यात बरीचशी नुसती हवा असते. एक तृतीयांश हे भिंतीत बसलेल्या ओल्या मालाचं माप आहे.

पोकळी दोन ठिकाणी असते आणि दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. पहिली चट्ट्यातली. नीट लावलेल्या डबराच्या चट्ट्यात साधारण ४२ टक्के पोकळी धरतात, म्हणजे एका घनमीटर चट्ट्यात भरीव दगड ०.५८ घनमीटरच. दुसरी भिंतीतली. गवंडी दगड फिरवून, कोपरा मारून, मध्ये चिपा ठोकून बसवतो, त्यामुळे भिंतीतले दगड चट्ट्यापेक्षा बरेच दाट बसतात. चांगल्या अनघड बांधकामात भरीव दगड ६५ ते ७० टक्के असतो आणि उरलेली सगळी जागा मालाने भरायची असते. मी ६७ आणि ३३ धरतो.

आता सव्वाचा आकडा कुठून येतो ते बघा. चट्ट्याच्या १.२५ घनमीटरला ०.५८ ने गुणलं की भरीव दगड ०.७२५ घनमीटर येतो. त्यातला सात-आठ टक्के भाग तासताना उडालेल्या चुऱ्यात, मातकट किंवा कुजक्या दगडात आणि गाडीतून उतरलेल्या मातीत जातो. भिंतीत पोचतो तो ०.६७. उरलेल्या ०.३३ मध्ये माल. म्हणजे भिंत एक घनमीटरचीच राहते.

चट्ट्यातली ४२ टक्के पोकळी म्हणजेच माल असं समजून ०.४२ धरण्याची चूक पुष्कळ अंदाजपत्रकांत दिसते. तेवढा माल लागला तर चिपा वापरल्या जात नाहीत, नुसता माल ओतला जातोय. याउलट भिंतीत ६७ टक्के दगड म्हणून ०.६७ घनमीटरच डबर मागवणाऱ्याचं काम निम्म्यावरच अडतं.

घनफळात एक छोटी दुरुस्ती करा. आडवी भिंत बाहेरच्या भिंतींना जिथे टेकते, त्या दोन सांध्यांवर अर्धी-अर्धी रुंदी दोनदा मोजली जाते. म्हणून प्रत्येक पायरीची लांबी ३६ मधून त्या पायरीची एक रुंदी वजा करून घ्या. खालची पायरी ३५.२५ × ०.७५ × ०.३० म्हणजे ७.९३, मधली ३५.४० × ०.६० × ०.३० म्हणजे ६.३७, वरची ३५.५५ × ०.४५ × ०.६० म्हणजे ९.६०. एकूण २३.९ घनमीटर. फरक लहान आहे, पण आडव्या भिंती चार-पाच झाल्या की तो अंगावर येतो.

डबर: २३.९ × १.२५ म्हणजे सुमारे ३० घनमीटर चट्टा. ब्रासमध्ये भागिले २.८३, म्हणजे साडेदहा ब्रासच्या थोडं वर.

हे चट्ट्याचं माप आहे, गाडीचं नव्हे, हे लक्षात ठेवा. गाडीत दगड ओतलेला असतो, लावलेला नसतो, त्यामुळे पोकळी जास्त. वजनकाटा जवळ असेल तर पोकळी स्वतः काढता येते. समजा गाडीच्या हौद्याचं आतलं माप ३ घनमीटर, दगड काठापर्यंत सपाट, आणि निव्वळ वजन ४.३५ टन. एका घनमीटरला १.४५ टन झालं. भरीव दगडाचं वजन घनमीटरला २.७ टन धरलं तर १.४५ भागिले २.७ म्हणजे ०.५४ भरीव, ४६ टक्के पोकळी. मग एका घनमीटर भिंतीला सव्वा पुरत नाही, १.३४ लागतं आणि तुमच्या पायाला गाडीच्या मापाने ३२ घनमीटरच्या आसपास जातील. दगड काळा बसाल्ट असेल तर २.७ ऐवजी २.८५ च्या जवळपास धरावं लागतं. खात्री हवी असेल तर एक दगड ताणकाट्यावर तोला, काठोकाठ भरलेल्या बादलीत बुडवा आणि सांडलेलं पाणी मोजा. वजन भागिले पाणी, झालं.

वजनावर खरेदी होत असेल तर पोकळीचा वाद उरतच नाही. २३.९ × ०.६७ × २.७ म्हणजे भिंतीत ४३ टन, आणि वाया जाणारा धरून साडेसेहेचाळीस टनांच्या आसपास.

माल: २३.९ × ०.३३ म्हणजे ७.९ घनमीटर ओला माल. कोरडं साहित्य एकत्र भिजवलं की सिमेंट वाळूच्या पोकळीत शिरतं आणि आकारमान घटतं, म्हणून कोरडं १.३ पट घ्यायचं, १०.२५ घनमीटर. तुम्ही प्रमाण दिलेलं नाही, मी १:६ धरतो. सातातला एक भाग सिमेंट म्हणजे १.४६५ घनमीटर. ५० किलोची पिशवी साधारण ३५ लिटर भरते, त्या हिशेबाने ४२ पिशव्या. वाळू सहा भाग, ८.८ घनमीटर. प्रमाण १:५ असेल तर सिमेंट ४९ पिशव्यांवर जातं.

ही वाळू कोरडी मोजलेली आहे. प्रत्यक्षात येते ती ओलसर आणि ओलसर वाळू फुगते. काचेच्या सरळ बरणीत ती सैल भरून २० सेंमी उंची घ्या, पाणी ओतून ढवळा, बसू द्या. १६ सेंमीवर आली तर फुगवटा २५ टक्के. मग ८.८ ऐवजी ११ घनमीटर मागवा. आणि माल कालवतानाही पिशवीला ३५ लिटरचे सहा फर्मे न घालता साडेसात घाला. नाहीतर कागदावर १:६ असलेला माल खरा १:४.८ होतो आणि पिशव्या कमी पडल्या की मोजणीत चूक झाली असं वाटत राहतं.

आता एक तपासणी सांगतो, ती पहिल्याच दिवशी करा. १:६ च्या एका पिशवीतून सुमारे १८८ लिटर माल तयार होतो. त्यात ०.५७ घनमीटर बांधकाम व्हायला हवं. तुमच्या खालच्या पायरीचा छेद ०.७५ × ०.३० आहे, म्हणजे एका पिशवीत पायरी साधारण अडीच मीटर पुढे सरकली पाहिजे. खुंटी ठोकून सुरुवात खूण करा, एक पिशवी संपली की टेप लावा.

दोन मीटरच झाली, तर भिंतीत माल ४२ टक्के जातोय. सांधे जाड आहेत, दोन मोठ्या दगडांमधल्या खळग्यात चिप न ठोकता माल भरला जातोय. चिपा भरा म्हणा, पण त्यांचंही प्रमाण एकूण बांधकामाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर दगडी भिंतीऐवजी खडीचा ढीग होतो.

साडेतीन मीटरच्या आसपास गेली तर माझ्या मते ते जास्त वाईट. माल २४ टक्क्यांवर आला म्हणजे पोटात पोकळी राहिली. हे बहुतेक वेळा एकाच पद्धतीने होतं: गवंडी दोन्ही तोंडांचे दगड मालात बसवतो, मधला गाभा कोरड्या चिपांनी भरतो आणि वरून मालाचा थर ओढून देतो. माल वरच्या दोन-तीन सेंटीमीटरात अडकतो, खाली उतरत नाही. वरून थर सपाट आणि देखणा दिसतो, म्हणून डोळ्याला कळत नाही. दुसऱ्या दिवशी त्या थराच्या मधोमध जरा खरवडून अर्धी बादली पाणी हळू ओता. भरलेल्या भिंतीवर पाणी थांबतं, बाजूने ओघळतं. पोकळ असेल तर ते तिथल्या तिथे आत गडप होतं आणि खालच्या पायरीच्या सांध्यातून झिरपताना दिसतं. पुढे पावसाचं पाणी याच वाटेने खेळतं, कोरड्या चिपा हलून खाली बसतात, आणि दोन तोंडं एकमेकांपासून सुटून भिंतीला पोट येतं.

गाभ्यात आधी माल टाकायचा, मग त्यात चिप हातोडीने ठोकायची; चिप बसताना माल चारी बाजूंनी वर आला पाहिजे. दगड आधी भिजवलेले हवेत, कोरडा दगड मालातलं पाणी ओढून घेतो आणि माल चिकटायच्या आत भुसभुशीत होतो. तोंडाच्या दर अर्ध्या चौरस मीटरला एक आरपार दगड घाला. ६० आणि ४५ सेंमीच्या पायऱ्यांना तो पूर्ण रुंदीचा हवा, ७५ ला तसा मिळाला नाही तर दोन दगड एकमेकांवर १५ सेंमी चढवून चालतात. हे लांब दगड चट्ट्यातून आधीच वेगळे काढून ठेवा, नाहीतर ते पहिल्याच पायरीत फुटून चिपा होतात.

मागवताना डबर २५ घनमीटर आणि सिमेंट १५ पिशव्या आणून खालची पायरी पूर्ण करा. तिला चट्ट्यातले सुमारे १० घनमीटर दगड आणि १४ पिशव्या लागायला हव्यात. उरलेला चट्टा पुन्हा मोजा, रिकाम्या पिशव्या मोजा, आणि ७.९३ घनमीटरला प्रत्यक्ष जे लागलं त्याच प्रमाणात वरच्या १६ घनमीटरची मागणी द्या.