गुजराती सेटिंगच्या फोनवर रात्रीपुरता ‘डू नॉट डिस्टर्ब’ कसा लावावा?

प्रश्न: मुलाने सुरतहून फोन पाठवला आहे, अँड्रॉइड आहे, सेटिंग सगळं गुजरातीत. सून सुरतची, तीही हाच फोन वापरते, म्हणून भाषा बदलायची नाही. रात्री ग्रुपचे मेसेज झोपू देत नाहीत, पण शेतातल्या मोटरच्या स्टार्टरचा फोन वाजलाच पाहिजे. कसं करू? (शहादा)

भाऊ, आधी स्टार्टरचं काम करून घ्या, कारण नुसता डू नॉट डिस्टर्ब लावला तर रात्रीची लाईट आल्यावर स्टार्टरचा फोन मुकाट्याने येऊन जाईल आणि सकाळी केळीला पाणी मिळालेलं नसेल. स्टार्टरमध्ये जे सिम टाकलंय त्याचा नंबर ‘मोटर’ नावाने सेव्ह करा. मग ते नाव उघडलं की स्क्रीनवर चांदणीची खूण दिसते (बहुतेक फोनवर वरच्या बाजूला), ती दाबून भरीव करा. मुलाचा आणि घरच्यांचा नंबरही तसाच करून ठेवा. या चांदणीवरच पुढचं सगळं चालतं.

आता सेटिंगमध्ये वाचत शोधत बसू नका. स्क्रीनच्या वरच्या काठावरून बोट दोनदा खाली ओढा. छोट्या बटणांमध्ये गोलात आडवी रेघ असलेलं एक बटण असेल, काही कंपन्यांच्या फोनवर तिथे चंद्रकोर असते. ते टिचकी मारून सोडू नका, दाबून धरा. टिचकी मारली तर तो लगेच चालू होतो, दाबून धरलं तर त्याचं पान उघडतं. वर ‘ખલેલ પાડશો નહીં’ असं लिहिलेलं दिसलं की बरोबर ठिकाणी आलात.

त्या पानावर कोणाला परवानगी द्यायची ते आणि वेळापत्रक अशा दोन्ही गोष्टी असतात. कुठली ओळ कशाची ते कळत नसेल तर घरातल्या दुसऱ्या फोनवर गूगल ट्रान्सलेट उघडा, गुजराती ते मराठी ठेवा आणि कॅमेरा या स्क्रीनवर धरा. मराठी थोडं ओबडधोबड येईल, पण ओळ ओळखता येते. माणसांच्या ओळीत जाऊन ‘कॉल’मध्ये फक्त चांदणीवाल्यांना परवानगी द्या. तुमचा स्टार्टर मेसेजही पाठवत असेल तर ‘मेसेज’मध्येही तेच करा, कारण ते दोन वेगळे आहेत. त्याच पानावर ‘परत फोन करणारा’ असं बटण असतं. एकाच नंबरावरून १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजू द्यायचा, असा त्याचा अर्थ. ते चालू ठेवा, अडीअडचणीत नात्यातल्या कोणी अनोळखी नंबरावरून फोन केला तरी कळतं.

मग वेळापत्रक. झोपेचं एक तयार असतं, त्यात शिरा. वारांचे गोल असतात, भरलेला गोल म्हणजे तो वार चालू. ‘શુ’ शुक्रवार आणि ‘શ’ शनिवार, या दोघांत हमखास घोळ होतो, पण तुम्ही सातही भरा. सुरुवात १०:०० PM, शेवट ५:०० AM. AM-PM नीट बघा. दोन्ही PM पडले तर फोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गप्प राहील. गजर हवा असेल तर गजराच्या ओळीतली परवानगी चालू आहे ना तेही तपासा.

रात्रीची वाट न बघता दिवसाच तपासून घ्या. वेळापत्रकाची सुरुवात तात्पुरती आत्ताच्या वेळेआधीची ठेवा, शेवट पुढचा. वर बारीक खूण आली की तो लागू झाला. शेजाऱ्याला चांदणी नसलेल्या नंबरावरून एकदाच फोन करायला सांगा. तो वाजता कामा नये, मात्र मिस्ड कॉल दिसला पाहिजे. मग चांदणीवाल्या नंबरावरून. वाजला नाही तर बहुतेक वेळा रिंगचा आवाजच शून्यावर असतो, कारण चांदणी फक्त वाट मोकळी करते, आवाज वाढवत नाही. झोपताना बाजूचं बटण दाबून आवाज बंद करायची सवय असेल तर ती सोडावी लागेल. शेवटी दिवसाची लाईट येते त्या वेळेला स्टार्टरचा खरा फोन येऊ द्या आणि तो वाजतोय याची खात्री करा. आमच्या चोपड्याकडे एकाने स्टार्टरमधलं सिम बदललं आणि नवा नंबर सेव्ह करायचा राहिला, म्हणून सिम बदलेल तेव्हा ‘मोटर’चा नंबरही बदला. मग वेळा परत १० ते ५ करा.

जाहिरातींचे फोन मात्र याने कमी होत नाहीत, फक्त रात्री वाजत नाहीत. ते कमी करायचे तर त्याच सिमवरून 1909 ला `START 0` असा मेसेज पाठवा. तो डू नॉट डिस्टर्ब सिमच्या कंपनीकडे नोंदवला जातो, फोनच्या सेटिंगशी त्याचा संबंध नाही.