सहा लाखांचे महिन्याला पन्नास हजार होत नाहीत

वर्षाला सहा लाखांची पहिली नोकरी मिळाली, अभिनंदन! पण सहा लाखांना बाराने भागून घरभाडं ठरवू नकोस. आधी ऑफर लेटरच्या शेवटी असलेला पगाराचा तक्ता उघड.

समज, बेसिक महिन्याला 25,000 आहे. कंपनीचा पीएफचा 12 टक्के वाटा, म्हणजे वर्षाचे 36,000, सीटीसीत, म्हणजे त्या सहा लाखांतच धरलेला असतो. ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के, म्हणजे 14,430. ती साधारणपणे सलग पाच वर्षं टिकलास तरच हातात येते. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा पगाराचा भाग, 60,000 असेल, तर तेही दरमहा मिळत नाही. हे सगळं वजा केलं की महिन्याचा ग्रॉस उरतो सुमारे 40,800. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ 3,000 आणि महाराष्ट्रात व्यवसाय कर 200 गेला, की खात्यात साधारण 37,600 जमा होतात.

पीएफचे दोन्ही वाटे तुझ्याच नावावर जातात, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. खरी मेख व्हेरिएबलमध्ये असते. मला पहिल्या वर्षी त्यातलं निम्मंच मिळालं होतं. म्हणून एचआरला ईमेलवरच विचार: गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती टक्के दिलं, कधी दिलं, आणि मधेच नोकरी सोडली तर काय?